ड्रॉप घ्यायचा का, ते आधी ओएमआरला विचार

*"सर, मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. यंदा बारावी झाली. नीटला ३९२ पडले. फिजिक्स ५२, केमिस्ट्री ८५, बायोलॉजी २५५. प्रवर्ग ओबीसी. खासगी कॉलेजात बीएएमएस लागेल असं सगळे म्हणतात. मामा म्हणतो ड्रॉप घे, लातूरला रिपीटर बॅच लाव. क्लास, हॉस्टेल, मेस धरून खर्च दोन लाखांच्या घरात जातो. बाबांचं किराणा दुकान आहे. ते हो म्हणाले, पण तेव्हापासून गप्प आहेत. आत्या म्हणते, पोरीचं वर्ष कशाला घालवता. मैत्रीण बीएस्सीला ॲडमिशन घेऊन घरीच नीटचा अभ्यास करणार आहे. मला डॉक्टर व्हायचंय, पण वर्ष वाया गेलं तर? आणि गॅप पुढे नडतो का? माझी ओएमआर, पेपर आणि आन्सर की सोबत पाठवते आहे."*

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मला बरं वाटलं. ड्रॉपबद्दल विचारणारी पत्रं जून महिन्यात ढिगाने येतात. त्यात मार्क असतात, नातेवाईक असतात, रडणं असतं, पण ओएमआर कुणी पाठवत नाही. रविवारी दुपारी मी तुझा पेपर, ओएमआर आणि उत्तरसूची शेजारी शेजारी मांडून बसलो. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे पोराचा पेपर हातात आला की लाल पेन आपसूक शोधलं जातं.

फिजिक्सच्या ४५ प्रश्नांपैकी तुझे १७ बरोबर, १६ चूक आणि १२ सोडलेले आहेत. १७ चोक ६८, त्यातून १६ वजा, म्हणून ५२. केमिस्ट्रीत २४ बरोबर, ११ चूक, १० सोडलेले. बायोलॉजीच्या ९० पैकी ६८ बरोबर, १७ चूक, ५ सोडलेले. इतपत तुलाही माहीत असेल. मी पुढे जाऊन फिजिक्समधल्या गेलेल्या २८ प्रश्नांसमोर धड्याचं नाव लिहिलं. त्यातले १९ अकरावीचे निघाले. लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज. बारावीच्या करंट इलेक्ट्रिसिटीत आणि वेव्ह ऑप्टिक्समध्ये तू बरी आहेस.

अकरावीत काय झालं असेल ते तू न सांगताही मला कळतं. दहावीचा ताण संपला, ॲडमिशनच्या फेऱ्यांमुळे कॉलेज ऑगस्ट उजाडल्यावर सुरू झालं, गणेशोत्सव, दिवाळी, गॅदरिंग, आणि फेब्रुवारीत सरांनी शेवटचे चार धडे आठ दिवसांत 'संपवले'. बारावीला बोर्डाचा पोर्शन मानगुटीवर होता. म्हणजे नीटचा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम तू एकदाही नीट बसून केलेला नाहीस.

ड्रॉप घ्यावा की नाही याचं माझ्यापुरतं उत्तर इथेच आहे. पूर्ण अभ्यासक्रम झालाय, चाळीस मॉक दिल्या आहेत, सहा महिने मार्क एकाच आकड्यावर अडकलेत, अशा मुलाला मी ड्रॉप घे म्हणताना फार कचरतो. त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी वेगळं करण्यासारखं काही नसतं, तो तेच वर्ष पुन्हा जगतो. तुझं तसं नाही. तुझ्याकडे न झालेलं काम शिल्लक आहे, आणि ते कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून पहिला ड्रॉप तुझ्या बाबतीत मला पटतो. पण काही अटींवर, त्या पुढे येतीलच.

आधी हिशोब पुरा करू. समज, फिजिक्समधल्या त्या २८ पैकी ११ तू मिळवलेस, ७ चुकलेल्यातले आणि ४ सोडलेल्यातले. चुकलेला प्रश्न बरोबर आला की पाच गुणांचा फरक पडतो, कारण वजा झालेला एक परत येतो आणि चार नवे मिळतात. सोडलेला बरोबर आला तर चार. म्हणजे ३५ आणि १६, एकूण ५१. उरलेल्या चुकीच्या नऊपैकी पाच ठिकाणी तू निव्वळ ठोकून दिलंय असं दिसतं. ते कोरे सोडलेस तर आणखी ५. फिजिक्स ५२ वरून १०८ वर आलं. केमिस्ट्रीत पाच चुका सुधारल्या आणि चार सोडलेले आले तर ८५ चे १२६ होतात. बायोलॉजीत आठ चुका आणि दोन सोडलेले, म्हणजे २५५ चे ३०३. बेरीज ५३७. यात कुठेही चमत्कार नाही, फिजिक्समध्ये अजून १७ प्रश्न गेलेलेच आहेत.

आता ५३७ ला काय मिळतं, हा प्रश्न विचारशील. इथे फार मुलं फसतात. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका अवघड आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. २०२४ ला ५३७ गुणांवर महाराष्ट्रात ओबीसीतून सरकारी एमबीबीएसचं नावही काढता आलं नसतं. २०२५ ला त्याच आकड्याची किंमत पार वेगळी होती. त्यामुळे 'गेल्या वर्षी अमक्या मार्कांना लागलं' हे वाक्य कानाआड कर. तुझ्या निकालपत्रावर ऑल इंडिया रँक छापलेला आहे. सीईटी सेलच्या जुन्या याद्यांमध्ये रँक बघ, पुढच्या वर्षभरातल्या मोठ्या टेस्ट सिरीजमध्येही रँकच बघ. मार्क पेपरबरोबर वर-खाली होतात, रांगेतली तुझी जागा त्यामानाने खरं बोलते.

आता बीएएमएस. तू लिहिलंस, 'मला डॉक्टर व्हायचंय.' एमबीबीएसच व्हायचंय असं पत्रात कुठेही नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुझ्या तालुक्यात रात्री अकराला दार उघडणारे डॉक्टर कोण आहेत ते आठव. त्यातले बरेच बीएएमएस असतील. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे मुदत एमबीबीएसएवढीच. तुला ते आयुष्य चालणार असेल तर ड्रॉपचा विषयच मिटतो. शिवाय महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल, मेस आणि कॉलेजची इतर शुल्कं मात्र भरावी लागतात, आणि संस्थेच्या कोट्यातून गेलीस तर ही माफी नाही. बाबांना हे माहीत आहे का, विचार. गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा चुकीचा आकडा फिरत असतो.

पण एक करू नकोस. बीएएमएसला प्रवेश घ्यायचा आणि गादीखाली नीटची पुस्तकं ठेवायची, हा मार्ग मला सगळ्यात वाईट वाटतो. पहिल्याच वर्षी संस्कृत, संहिता, रचना शारीर, क्रिया शारीर समोर येतं. ते आपलं नव्हेच असं मानून बसलेली मुलं दोन्हीकडून जातात. वर प्रवेशाची मुदत संपल्यावर जागा सोडली तर पैसे भरावे लागतात, कधी पुढच्या प्रवेशावरही बंधनं येतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही कलमं असतात आणि ती कुणी वाचत नाही. तू वाच.

हा निर्णय जूनमध्येच घ्यायला हवा असंही नाही. आयुष अभ्यासक्रमांच्या फेऱ्या एमबीबीएसच्या मागून चालतात आणि पावसाळा संपत आला तरी चालू असतात. नोंदणी कर, पसंतीक्रम भर, तुला खरोखर कोणतं कॉलेज लागतं ते डोळ्यांनी बघ. कोणत्या फेरीपर्यंत विनादंड बाहेर पडता येतं तेवढं त्याच पुस्तिकेतून काढून ठेव. 'सगळे म्हणतात लागेल' यावर वर्षाचा निर्णय नको. तोवर रोज सकाळी लॉज ऑफ मोशन सुरू करायला तुला कुणी अडवलेलं नाही.

मैत्रिणीच्या बीएस्सीबद्दल. वर्ष सुरक्षित राहील असं तिला वाटतंय, आणि कागदावर ते खरं आहे. पण बीएस्सीला प्रॅक्टिकल असतात, हजेरी असते, अंतर्गत गुण असतात, आणि पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या पुढेमागे येते, म्हणजे तुझा अकरावीचा भाग पक्का व्हायला हवा नेमका त्या दिवसांत. एखादं शांत कॉलेज आणि थोडाच अभ्यास बाकी असेल तर जमतंही. तुला अर्धा अभ्यासक्रम पहिल्यांदा करायचाय, तुला नाही जमणार. मैत्रिणीला एवढं सांग की कॉलेज मूळ टीसी जमा करून घेतं. पुढच्या वर्षी नीटमधून लागलं तर ती ऐन घाईत सोडवून आणावी लागते.

गॅप नडतो का, याचं उत्तर छोटं आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, या काळात मी दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं त्यात लिहिलेलं असतं. सेतू केंद्रात किंवा नोटरीकडे ते होतं, एका सकाळचं काम. (इंजिनिअरिंगवाल्या वाचकांना मात्र इथे सावध करतो. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीनच वर्षं देता येते आणि ॲडव्हान्स्ड दोनच. तिथे ड्रॉपचा हिशोब वेगळा बसतो.) गॅपपेक्षा जास्त मुलांचा प्रवेश कागदांमुळे अडकलेला मी पाहिला आहे. तुझी जात वैधता झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर याच महिन्यात प्रकरण दाखल कर, पडताळणी समितीकडे महिनोन्‌महिने जातात. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये चालेल असंच प्रमाणपत्र हवं. ही कामं बाबांकडे दे. त्यांनाही काहीतरी करायला मिळेल.

आता लातूर. तिथे गेल्यावर सगळ्यात आधी मोठमोठे फलक दिसतील, हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली मार्क. ते बघून क्लास ठरवू नकोस. काउंटरवर एकच प्रश्न विचार: गेल्या वर्षी रिपीटर बॅचमध्ये साडेतीनशे ते साडेचारशेमध्ये आलेली मुलं किती होती, आणि त्यांचं पुढे काय झालं? फलकावरची बरीच मुलं साडेपाचशे घेऊनच आलेली असतात. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा क्लास मिळाला तर तिथे थांब, मग तो लहान असला तरी. दुसरं, मार्कांवरून तुकड्या पाडतात का, आणि तुझ्या तुकडीला फिजिक्स नेमकं कोण शिकवणार, ते विचार. डेमो लेक्चर घेणारे सर आणि नोव्हेंबरात वर्गात येणारे सर एकच असतात असं नाही.

फी हप्त्यांत भर आणि प्रत्येक पावती जपून ठेव. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी, हॉस्टेल आणि मेससकट, दहा दिवसांत परत करावी असं त्यात आहे. सूचना म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे परताव्याची अट प्रवेशाच्या कागदावर लिहून घे. कुरकूर झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही एकरकमी भरली. तो सप्टेंबरात काविळीने घरी आला आणि त्या पैशांतला रुपया परत दिसला नाही. शिक्षकाचं घर असून आम्ही पावतीच्या मागचा मजकूर वाचला नव्हता.

आणि लातूरला जायलाच हवं का, हेही एकदा घरी बोला. रिपीटर बॅच पहिल्या धड्यापासून सगळं एकाच वेगाने शिकवते. बायोलॉजी तुला एनसीईआरटी चार वेळा वाचून घरी करता येईल, २५५ त्याची साक्ष देतात. तुला माणूस हवाय तो फिजिक्ससाठी आणि फिजिकल केमिस्ट्रीसाठी. परभणीतच हे दोन विषय नीट शिकवणारं कुणी मिळालं आणि जोडीला एखादी चांगली टेस्ट सिरीज लावलीस, तर खर्च बराच खाली येतो. फक्त एक अडचण मी लपवत नाही. घरी असलेली मुलगी घरच्यांना मोकळी दिसते. दुकानात गर्दी झाली की हाक, पाहुणे आले की चहा, मावशीकडे बारसं. घरी राहायचं तर सकाळी सात ते दुपारी एक तू 'गावाला गेली आहेस' असं आईला ठरवून टाकायला सांग. ते जमणारं घर नसेल तर लातूर स्वस्त पडेल.

वर्ष बिघडतंय हे कसं ओळखायचं, ते सांगतो, कारण रिपीटर मुलं पहिले तीन महिने हमखास खुशीत असतात. धडा दुसऱ्यांदा कानावर पडतो, सगळं ओळखीचं वाटतं, धड्याच्या टेस्टमध्ये शंभरात ऐंशी येतात. आणि पूर्ण पेपर दिला की तेच चारशे. असं दिवाळीपर्यंत चाललं तर समज की नुसतं ऐकणं चालू आहे, सोडवणं नाही. दुसरी खूण, रोज बायोलॉजीच वाचायला बसावंसं वाटतं. ते येतं म्हणून बरं वाटतं. तिसरी, टेस्ट चुकवायला कारणं सापडायला लागतात. पोट दुखतं, पोर्शन राहिलाय, पुढच्या वेळी देते. आणि चौथी, नवीन पुस्तक आणावंसं वाटतं.

यावर माझ्याकडे एकच औषध आहे, एक दोनशे पानी वही. काही वर्षांपूर्वी एक रिपीटर मुलगी माझ्याकडे यायची. तिने प्रत्येक पान मधोमध दुमडलं होतं. डावीकडे चुकलेला प्रश्न, उजवीकडे का चुकला ते एका ओळीत. नोव्हेंबरात आम्ही तिची वही उलगडून मोजली. बायोलॉजीच्या साठ चुकांपैकी बावीस ठिकाणी तिने एकच गोष्ट लिहिली होती: प्रश्नात 'इनकरेक्ट' होतं, मी 'करेक्ट' वाचलं. तिला सगळे जण अजून वाच म्हणून सांगत होते. तिने वाचन वाढवलं नाही. त्या शब्दाला पेनने गोल करायचा आणि मगच पर्याय बघायचे, एवढंच सुरू केलं. पुढच्या महिन्यात त्या बावीसच्या तीन-चार झाल्या. 'सिली मिस्टेक' असं मात्र वहीत लिहायचं नाही. त्यातून काही कळत नाही.

पूर्ण पेपर दर रविवारी, दुपारी दोन ते पाच, जेवण करून, घड्याळ लावून, काळ्या बॉलपेनने खऱ्या आकाराच्या ओएमआरवर. नीट दुपारी असते. सकाळी ताज्या डोक्याने दिलेल्या टेस्टमधले मार्क मे महिन्यातल्या दुपारी दोनला तसेच येतात असं नाही. गोल भरायलाही वेळ लागतो, तो १८० मिनिटांतूनच जातो.

आता अटी. दिवाळीनंतरच्या चार रविवारांची सरासरी काढ. त्यात फिजिक्स नव्वदच्या पुढे नसेल तर पद्धत बदल, शिकवणारा बदल. सोडून देऊ नकोस, पण आहे तसंही चालवू नकोस. जानेवारीत बी. फार्मसाठी एमएचटी-सीईटी आणि नर्सिंगच्या सीईटीचे फॉर्म निघू लागतील, ते भर. त्या वेळी 'मी आता मागे वळून बघणार नाही' असं म्हणायची लाट येते, आणि जूनमध्ये तीच मुलं रिकाम्या हाताने बसतात. तिसरी अट आत्ताच कागदावर लिही आणि बाबांच्या गल्ल्यात ठेव: पुढच्या वर्षी जे लागेल ते घेणार, दुसरा ड्रॉप नाही. निकालाच्या दिवशी ही गोष्ट ठरवायला बसलात तर पंधरा मार्कांनी हुकलेलं दिसेल आणि दुसरं वर्ष आपोआप गळ्यात पडेल.

झोप उडाली, जेवण सुटलं, रात्री छातीत धडधडायला लागलं, तर पेपर बाजूला ठेव आणि घरी सांग. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हॉस्टेलवर गेलीस तर तो भिंतीवर लिहून ठेव, खोलीतल्या दुसऱ्या मुलीलाही लागेल.

आत्याला माझा नमस्कार सांग. पोरीचं वर्ष म्हणजे लग्नाच्या हिशोबातलं वर्ष, असं त्यांच्या मनात असणार. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. बाबांशी मात्र बस. दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, हिशोबाची वही उघडी असते तेव्हा. त्यांच्यासमोर दोन कागद ठेव. एकावर लातूरचा खर्च आणि परभणीचा खर्च, दुसऱ्यावर फिजिक्सचे ते २८ प्रश्न, धड्यांच्या नावांसकट. बाकी प्रश्नांची छाननी मी केलेली नाही. केमिस्ट्रीचे २१ आणि बायोलॉजीचे २२ तू स्वतः धड्यांना जोड, आणि ती यादी मला पाठव. बायोलॉजीतल्या किती प्रश्नांत 'इनकरेक्ट' आहे तेही मोज.